मीटर रूमपासून मंडपापर्यंत: वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीतल्या रहिवाशांना सेक्रेटरीचं खुलं पत्र

सर्व सभासद, त्यांचे घरचे आणि भाड्याने राहणारी कुटुंबं यांना,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी श्रावणात नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. वर गणपतीचं चित्र, खाली वर्गणीचा आकडा, त्याखाली माझी सही. तो कागद निम्मी माणसं वाचत नाहीत आणि उरलेली निम्मी वाचून लिफ्टमध्ये मला विचारतात, "सेक्रेटरी, बाराशे कशाचे हो?" यंदा त्या कागदाऐवजी हे लांबलचक पत्र. गेल्या वर्षी पैशांत एक आणि विजेत एक अशा दोन चुका झाल्या. दोन्हींच्या वेळी सेक्रेटरी मीच होतो, म्हणून त्या माझ्याच हाताने लिहून ठेवतो. यंदाचे नियम त्यांतूनच आले आहेत, आणि कारण कळल्याशिवाय आपल्याकडे नियम कोणी पाळत नाही हे मला दहा वर्षांत पुरतं कळलं आहे.

आधी पैसे.

आपली घरं ८४. गेल्या वर्षी वर्गणी घरटी १,२०० रुपये. गुणाकार केला की १,००,८०० होतात, आणि आम्ही तोच आकडा खिशात असल्यासारखे खर्चाला लागलो. मंडपवाल्याला, लायटिंगवाल्याला, केटररला शब्द देऊन टाकले. प्रत्यक्षात वर्गणी दिली ६१ घरांनी. म्हणजे ७३,२००. बाकीच्या २३ घरांपैकी काही गावी होती, काही बंद होती, काहींना द्यायची नव्हती. यात रागावण्यासारखं काही नाही, दरवर्षी साधारण असंच होतं. चूक आमची, की दरवर्षी असं होतं हे ठाऊक असून आम्ही ८४ ने गुणलं.

खर्च झाला १,०२,६००. मूर्ती १४,०००, मंडप आणि स्टेज २२,०००, लायटिंग १६,०००, पूजा आणि भटजींची दक्षिणा ५,१००, महाप्रसाद ३१,०००, साउंड ६,०००, विसर्जनाचा टेम्पो आणि ढोल ८,५००. सगळ्यात सलणारा आकडा महाप्रसादाचा. केटरर जेवलेली माणसं मोजत नाही, सांगितलेली ताटं मोजतो. आम्ही १०० रुपयांप्रमाणे ३१० ताटं सांगितली, जेवले २१०. उरलेली जिलेबी दुसऱ्या दिवशी वॉचमनच्या केबिनमध्ये मुंग्यांनी संपवली.

तूट २९,४०० रुपयांची. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मंडपवाला गेटवर उभा, तेव्हा आम्ही सोसायटीच्या खात्यातून चेक फाडला. "वर्गणी आली की भरून टाकू," असं सगळेच म्हणालो. विसर्जनानंतर वर्गणी येत नसते. पुढे ऑडिटला ती नोंद निघाली आणि ऑडिटरने शेरा मारला, की देखभालीसाठी जमा केलेला पैसा उत्सवाकडे वळवला आहे, तो परत जमा करावा. शेरा योग्यच होता. तुम्ही दरमहा जे भरता ते पाण्यासाठी, लिफ्टसाठी, सफाईसाठी, वॉचमनच्या पगारासाठी. ज्याच्या घरी गणपतीचं काही नाही, त्याचाही पैसा त्यात आहे. त्याला न विचारता त्यातून जिलेबी वाटणं बरोबर नव्हतं.

उत्सव समितीच्या आम्ही सात जणांनी प्रत्येकी ४,२०० घालून ती रक्कम परत भरली. पावत्या ऑफिसात आहेत. घरी हे सांगायला मला दोन दिवस लागले. हिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग पुढच्या वर्षीही सेक्रेटरी तुम्हीच का?"

तर यंदाचा हिशोब उलटा धरला आहे. आधी वर्गणी जमेल, मग खर्च ठरेल. ६० घरं देतील असं धरून घरटी १,३०० रुपये, म्हणजे ७८,०००. दोन फुटांची शाडूची मूर्ती ९,०००, मंडप १८,०००, लायटिंग ९,०००, पाच दिवस संध्याकाळी हजर राहणारा इलेक्ट्रिशियन ४,०००, पूजा आणि दक्षिणा ६,०००, रोजचा प्रसाद ८,०००, महाप्रसाद १७,०००, विसर्जन ५,०००, किरकोळ २,०००. साउंड भाड्याने आणायचा नाही. सोसायटीचा स्पीकर आणि माइक आरतीला पुरतो. अथर्वशीर्ष म्हणणारी पोरं आपलीच आहेत, त्यांचा आवाज पार सी विंगच्या गच्चीवर जातो.

महाप्रसादाला २१० ताटं, ८० रुपयांचं ताट. मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी आणि शिरा. जिलेबी नाही. किती माणसं येणार ते घरटी विचारून लिहून घेऊ. वर्गणी दिली की नाही हे त्या वहीत नसेल. देवाच्या ताटावर पावती मागायची नाही.

चतुर्थीच्या दहा दिवस आधी संध्याकाळी हिशोब बंद करू आणि त्या दिवशी हातात जेवढे असतील तेवढ्यांच्याच ऑर्डरी देऊ. समजा ५० घरांनीच दिली, तर ६५,००० येतील आणि १३,००० कमी पडतील. ते महाप्रसादातून कापले जातील. मग १७,००० चे ४,००० राहतील आणि पंगतीऐवजी द्रोणात शिरा आणि चहा. मूर्ती, पूजा आणि इलेक्ट्रिशियन यांना कात्री लागणार नाही. इलेक्ट्रिशियनचे ४,००० आधी कापा, असं बैठकीत दोघातिघांनी सुचवलं. त्यांच्यासाठीच या पत्राचा पुढचा भाग आहे. ६० पेक्षा जास्त घरांनी दिली, तर जादा पैसे पुढच्या वर्षाला ठेवू, त्याची पार्टी होणार नाही.

वर्गणी ऐच्छिक आहे. देखभालीच्या बिलात ती लावली जाणार नाही, आणि न देणाऱ्याचं एनओसी, पार्किंग किंवा आणखी कुठलंही काम त्यापायी अडणार नाही. गेल्या वर्षी कुणीतरी उत्साहाच्या भरात न देणाऱ्या घरांची यादी लिफ्टमध्ये चिकटवली होती. मी ती दुपारी काढली, पण सकाळपासून ती तिथेच होती. त्या यादीत ए विंगमधल्या एक आजी होत्या. त्यांच्या घरी त्या महिन्यात दवाखाना चालू होता. त्या मला काही बोलल्या नाहीत, पण आरतीलाही पाच दिवस खाली उतरल्या नाहीत. यंदा अशी यादी कुणी लावली, तर लावणाऱ्याचं नाव मी बोर्डावर लावीन. (हे कायद्यात बसतं का, विचारू नका.)

भाड्याने राहणाऱ्यांचा एक नेहमीचा प्रश्न: आम्ही द्यायची की घरमालकाने? जो इथे राहतो आणि आरतीला येतो, त्याला द्यावीशी वाटली तर त्याने द्यावी. पनवेलला राहणाऱ्या मालकाला फोन लावण्याची गरज नाही.

गेल्या वर्षी निम्मी वर्गणी माझ्या स्वतःच्या यूपीआयवर आली होती. सोयीचं वाटलं. पण नंतर कोणते १,२०० वर्गणीचे आणि कोणते भाचीने परत केलेले, हे शोधत मी दोन रविवार घालवले. यंदा माझ्या नंबरवर पैसे पाठवू नका. आले तर मी परत पाठवीन आणि तुम्हाला राग येईल. सोसायटीच्या बँक खात्याचा क्यूआर ऑफिसच्या काचेवर लावला आहे. पाठवताना शेऱ्यात ‘उत्सव’ आणि घरनंबर लिहा. हिशोबाच्या वहीत या पैशांचं खातं वेगळं राहील. रोख देणाऱ्यांना नंबर छापलेली पावती जागच्या जागी मिळेल. पावती नाही तर पैसे देऊ नका, मागणारा मी असलो तरी.

आता वीज.

गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी बी विंगचा जिना आणि मंडप एकदम अंधारात गेला, हे तुम्हाला आठवत असेल. पाच-सात मिनिटांत लाइट आले, टाळ्या पडल्या आणि ‘घालीन लोटांगण’ जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. त्या पाच-सात मिनिटांत काय झालं ते फार थोड्यांना माहीत आहे. मलाही दुसऱ्या दिवशी कळलं.

मंडपाला वीज बी विंगच्या लॉबीतल्या एका पॉइंटवरून घेतली होती. तो पॉइंट जिन्यातल्या दिव्यांच्या सर्किटवर आहे. त्याला मीटर रूममध्ये १० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारा स्विच, आणि तिथून भिंतीतल्या पाइपातून आलेली दीडची वायर. ‘दीडची’ म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची. पाइपातून गेलेली तांब्याची अशी वायर साधारण १४-१५ अँपिअर निभावते. आपल्या बिल्डिंगीतली वायरिंग जुनी, एका पाइपात तीन-चार सर्किटं कोंबलेली, तेव्हा त्याहूनही कमीच धरायला हवं.

पहिले दोन दिवस मंडपात होत्या माळा, साउंड आणि तीन उभे पंखे. माळा ६०० वॉट, साउंड ५००, पंखे ३००. एकूण १,४००. वॉटना २३० व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. १,४०० भागिले २३० म्हणजे सहाच्या आसपास. काही अडचण नव्हती. तिसऱ्या दिवशी महाप्रसाद. फोटो चांगले यावेत म्हणून लायटिंगवाल्याच्या पोराने ५०० वॉटचे आठ हॅलोजन आणून लावले. त्यांचेच ४,००० वॉट झाले. एकूण ५,४००, म्हणजे साडेतेवीस अँपिअर. दहाचा एमसीबी मिनिटभरात पडला. त्याला ज्या कामासाठी बसवलं आहे ते त्याने चोख केलं.

मग तो पोरगा मीटर रूममध्ये गेला. एमसीबी वर केला, तो पुन्हा पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. बाहेर आरती थांबलेली, कमिटीतली माणसं "अरे लवकर कर" म्हणून ओरडताहेत. त्यांत मीही होतो. त्याने त्याच्या पिशवीतून ३२ चा एमसीबी काढला, दहाचा काढून तो बसवला आणि लाइट आले. टाळ्या त्यालाच पडल्या.

एमसीबी मंडपाचं रक्षण करत नाही, आरतीचं तर नाहीच. तो त्याच्या पुढे गेलेल्या वायरीचं रक्षण करतो. वायर तापण्याआधी त्याने पडायचं असतं, म्हणून त्याचा आकडा वायरीच्या ताकदीपेक्षा कमी ठेवतात. १५ अँपिअरच्या वायरीवर ३२ चा एमसीबी बसवला की साडेतेवीस त्याच्या दृष्टीने काहीच नाही. तो निवांत बसतो आणि भिंतीत वायर तापत राहते. ती रात्री साडेदहापर्यंत तापत राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्या वॉचमनकाकांना मीटर रूमजवळ वास आला. ते मला म्हणाले, "साहेब, प्लास्टिकची पिशवी चुलीत पडल्यासारखा वास येतोय." आम्ही मेन बंद केला आणि सोसायटीच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने पाइपातून वायर ओढून बाहेर काढली. दीडेक मीटरच्या तुकड्यावर लाल आवरण मऊ होऊन शेजारच्या काळ्या वायरीला चिकटलं होतं. एके ठिकाणी आतलं तांबं दिसत होतं. लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल. त्या जागी दोन्ही एकमेकींना टेकायला आवरणाचा एक पापुद्रा तेवढा शिल्लक होता. ती जागा जिन्याखाली आहे, आणि जिन्याखाली त्या दिवशी मंडपाचे उरलेले पडदे आणि कापूर ठेवला होता.

तो तुकडा मी टाकला नाही. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये प्लास्टिकच्या पाकिटात आहे. "एवढं काय होतं हो एका एमसीबीने" म्हणणाऱ्याला मी तो हातात देतो.

त्याच हॅलोजनने आणखी एक केलं, जे तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. दोन हॅलोजन मूर्तीवर तोंड करून, चार फुटांवर होते. शाडू म्हणजे शेवटी माती. एका बाजूने भराभर वाळली की ती तडकते. पाचव्या दिवशी सोंडेच्या मुळाशी केसाएवढी रेघ दिसत होती. भटजींनी ती पाहिली आणि काही न बोलता तिथे दूर्वांची जुडी ठेवली.

यंदाची व्यवस्था अशी. मीटर रूमच्या मेन पॅनलमधून बाहेरच्या मंडपासाठी वेगळी लाइन ओढून घेतली आहे. चारची केबल, १६ चा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. परवाना असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडून काम करून घेतलं आणि अर्थिंग तपासून घेतलं. हे काम कायमचं आहे. दिवाळीला, गच्चीच्या दुरुस्तीला, पाण्याच्या टाकीच्या साफसफाईला तीच लाइन वापरायची. म्हणून त्याचा खर्च सर्वसाधारण सभेत मंजूर करून दुरुस्तीच्या पैशांतून केला, वर्गणीतून नाही. बॉक्सला कुलूप आहे, एक चावी माझ्याकडे, दुसरी इलेक्ट्रिशियनकडे. पिशवीत एमसीबी घेऊन फिरणाऱ्या कुणालाही ती मिळणार नाही.

हॅलोजन बंद. त्याऐवजी ५० वॉटचे आठ एलईडी फ्लड. माळाही एलईडीच्या, ३०० वॉटच्या आत. आपला स्पीकर साउंडच्या जुन्याच ५०० वॉटमध्ये धरला आहे, पंखे ३००. सगळं मिळून १,५००, म्हणजे साडेसहा अँपिअर. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी होतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी, आणि उजेड मंडपाला पुरेल एवढा. डेकोरेटरला हे करारातच लिहून दिलं आहे: आयत्या वेळी काहीही वाढवायचं असेल तर आधी त्याचे वॉट सांगायचे.

आरसीसीबीबद्दल दोन शब्द, कारण तो यंदा पडणार आहे आणि पडला की तुम्ही मला फोन करणार आहात. एमसीबी जास्त वीज वाहिली तर पडतो. आरसीसीबी वीज भलत्या वाटेने गेली तर पडतो. भलती वाट म्हणजे ओली जमीन, लोखंडी खांब, ग्रिल, किंवा माणूस. भाद्रपदात ठाण्याचा पाऊस कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. येऊरच्या बाजूने काळं झालं की दहा मिनिटांत मंडपाचं छत गळायला लागतं. माळेचा एखादा जोड ओला झाला की आरसीसीबी पडेल. तो पडला म्हणजे बिघडला असं नाही. अशा वेळी त्याला दाबून वर ठेवायचा किंवा बायपास करायचा प्रयत्न कुणीही करू नये. इलेक्ट्रिशियन एकेक माळ काढून बघेल, कोणत्या माळेवर तो टिकतो ते पाहील, आणि दोषी माळ त्या दिवसापुरती बंद राहील. आरती समईच्या उजेडातही होते. आपल्या आधीच्या पिढ्यांनी ती तशीच केली.

पडण्याची वेळही बोलते. लावल्या लावल्या क्षणात एमसीबी पडला तर बहुधा शॉर्ट. काही मिनिटं चालून मग पडला तर लोड जास्त. पावसाची सर आली आणि आरसीसीबी पडला तर ओल. प्लगला हात लावल्यावर गरम लागला, किंवा माशासारखा कुबट वास आला, तर कुठलाही एमसीबी पडायची वाट न बघता स्विच बंद करा.

आता घरोघरची सजावट. यात मी लुडबुड करतो असं वाटेल, पण सात मजली इमारतीत एका बाल्कनीतली ठिणगी वरच्या बाल्कनीतल्या वाळत घातलेल्या साडीपर्यंत जायला वेळ लागत नाही.

बाल्कनीतल्या माळा स्वतःच्या घरातल्या प्लगवरून. पॅसेजमधल्या पॉइंटवरून नाही. गेल्या वर्षी तीन घरांनी पॅसेजमधून वायर घेतली होती. वीज किती गेली हा प्रश्नच नाही, पण तो पॉइंटही त्याच दीडच्या वायरीवर आहे.

माळ लोखंडी ग्रिलला बांधताना तारेने बांधू नका. सुतळीने किंवा प्लास्टिकच्या टायने बांधा. वारा सुटला की तार वायरीवर घासते, आवरण सोलतं आणि पाच दिवसांत ग्रिल जिवंत होते. त्या ग्रिलला रोज सकाळी कोण हात लावतं? कपडे काढणारी बाई, नाहीतर कबुतराला हाकलणारं पोर. दोन माळा जोडायच्या असतील तर जोड ग्रिलवर, उघड्यावर नको, घराच्या आत घ्या. काळी चिकटपट्टी पावसाला थांबवत नाही, ती दोन दिवसांत सुटते आणि आत पाणी धरून ठेवते. आपल्या बऱ्याच घरांत जुना बोर्ड आहे आणि आरसीसीबी नाही. असेल तर त्याच्यावरचं ‘T’ लिहिलेलं बटण एकदा दाबून बघा. ताबडतोब पडला तर ठीक. पडला नाही तर माळ लावण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

जिना आणि पॅसेज मोकळे. रांगोळी काढा, तोरण लावा, पण पडदे, कापडी कमान, कागदी झुंबर जिन्यात नको. जिन्याच्या पायऱ्यांवर पणत्या नकोत, दिवाळीतही नकोत. आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते. उतरायला तेवढा एकच जिना आहे, आणि सातव्या मजल्यावरच्या काकांचे गुडघे तुम्ही बघताच. प्रत्येक मजल्यावरच्या फायर होजच्या लाल पेटीसमोर काहीही ठेवायचं नाही. मंडप यंदा ए विंगच्या बाजूच्या पार्किंगमध्ये सरकवला आहे. गेटपासून बी विंगपर्यंतची वाट पिवळ्या पट्ट्या मारून मोकळी ठेवली आहे. ती अग्निशमनच्या गाडीसाठी आहे, पाहुण्यांच्या गाडीसाठी नाही. एरवी तिथे लागणाऱ्या चार गाड्यांच्या मालकांशी बोलणं झालं आहे. पाच दिवस त्या बाहेर रस्त्यावर राहतील. त्यांचे आभार. त्यांच्यापैकी एकाने तोंड वाकडं केलं, त्यांचेही आभार.

थर्माकोल नको. राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे. पण माझं कारण त्याहून जवळचं आहे: तो पेटला की वितळून थेंब थेंब खाली गळतो आणि काळा धूर करतो. पुठ्ठा, बांबू, कापड, कागद चालेल. तेही दिव्यापासून हातभर लांब. कापूर आणि समई पडद्यांच्या रांगेत नको, आणि समईजवळ घरातलं कुणीतरी मोठं माणूस असू द्या. मंडपात पाण्याच्या दोन बादल्या आणि अग्निशामक सिलिंडर असेल. विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नाही, आधी मेन बंद. मेन कुठे आहे ते चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी सहा वाजता मीटर रूममध्ये दाखवणार आहे. प्रत्येक विंगमधून किमान दोघे यावेत, त्यातला एक कॉलेजातला असावा. आम्ही पन्नाशीतले धावायला फारसे उपयोगाचे नाही.

आवाजाबाबत फार लिहीत नाही. स्पीकर रात्री दहाला बंद. कायदाही तेच सांगतो. काही दिवस बारापर्यंत सवलत मिळते, पण ती आपण घेणार नाही. सी विंगमध्ये दोन घरांत तान्ही बाळं आहेत.

विसर्जन पाचव्या दिवशी, उपवनजवळच्या कृत्रिम तलावात. दोन फुटांची मूर्ती, त्यामुळे टेम्पो नको, गाडीतून नेऊ. निर्माल्य निर्माल्य कलशात. हारातली जरी, प्लास्टिकची फुलं आणि दोरे घरीच वेगळे करून ठेवा, तिथे चिखलात उभं राहून ते काढत बसणं फार त्रासाचं होतं. हे गेल्या वर्षी माझ्या वाट्याला आलं होतं.

माळा आणि आकाशकंदील दिवाळीपर्यंत राहतातच, त्यामुळे हेच नियम दिवाळीलाही. फक्त मधल्या काळात पावसात भिजलेली माळ दिवाळीला तशीच चालू करू नका. एकदा खाली उतरवून, उन्हात वाळवून, जोड बघून मगच लावा.

ज्यांना यातलं काही पटत नाही, त्यांनी रविवारी सकाळी अकरा ते एक ऑफिसात यावं. पावतीपुस्तक, गेल्या वर्षीची बिलं, ऑडिटरच्या शेऱ्याची प्रत आणि ड्रॉवरमधला तो वायरीचा तुकडा टेबलावर ठेवलेला असेल. चहा माझ्याकडून, वर्गणीतून नाही.

आपला,
सेक्रेटरी
ए विंग, दुसरा मजला

ता. क. दहाचा जुना एमसीबी सापडला. तो पोरगा मीटर रूमच्या खिडकीत ठेवून गेला होता. इलेक्ट्रिशियनने तपासला, चांगला आहे. जिन्याच्या सर्किटवर पाइपात नवी वायर ओढून तोच पुन्हा बसवला आहे.